‘प्रीमियम क्वालिटी’ लिहूनही गिऱ्हाईक ‘रेट काय?’ विचारून गप्प: हापूसच्या जाहिरातीतला दरवर्षीचा बिघाड

रत्नागिरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. फेब्रुवारी संपत आला की बागायतदार मंडळी खोक्याचं लेबल, पत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅपला टाकायची इमेज करून घ्यायला येतात. मॅटर बहुतेक सगळ्यांचं एकच असतं: ‘अस्सल हापूस. प्रीमियम क्वालिटी. एक्सपोर्ट क्वालिटी. १०० टक्के नैसर्गिक. कार्बाइड फ्री. एकदा खाल तर पुन्हा मागाल.’ नाव आणि फोन नंबर तेवढा बदलायचा. एका हंगामात तर मी एकच फाइल सात जणांसाठी वापरली आणि सातही जणांना ती पसंत पडली. तेव्हा वाटलं, यात काहीतरी गडबड आहे. त्यानंतर हे दुरुस्त करायची सवयच लागली. आता बिघाड कुठे असतो ते बऱ्यापैकी ओळखू येतं, म्हणून लिहून ठेवतोय.

लक्षणं

जाहिरात गेल्यावर मेसेज भरपूर येतात, पण जवळजवळ सगळे ‘रेट काय?’ एवढेच. रेट सांगितला की पुढे शांतता. जे थांबतात ते विचारतात, ‘खरा रत्नागिरीच ना? कर्नाटकचा नाही ना?’ म्हणजे ‘अस्सल’ हा शब्द वाचूनसुद्धा त्यांचा विश्वास बसलेला नसतो. तिसरं लक्षण माल पोचल्यावर दिसतं: ‘फळ एवढं लहान?’, ‘हे तर कच्चंच आहे’, ‘दोन आंबे आतून खराब निघाले’. फळ बऱ्याचदा चांगलंच असतं. पण गिऱ्हाइकाने ‘प्रीमियम’ वाचून मनात काहीतरी धरलेलं असतं, आणि ते काय, हे बागायतदाराला माहीत नसतं.

यातली दोन लक्षणं जरी दिसत असली तरी आधी भाव पाडू नका. खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या दोन फुकट आहेत, पुढे खर्च आणि खटपट वाढत जाते.

पहिली तपासणी: शेजाऱ्याचं नाव घालून बघा

जाहिरात कागदावर घ्या, तुमचं नाव खोडा आणि शेजारच्या बागेचं घाला. जे वाक्य तरीही तसंच्या तसं लागू पडतं त्यावर फुली मारा. मग उरलेल्या प्रत्येक शब्दाचा उलट अर्थ कोणी छापेल का ते बघा. ‘मध्यम दर्जाचा नकली आंबा’ असं कोणी छापत नाही, तेव्हा ‘उत्तम दर्जाचा अस्सल’ म्हटल्याने कुणाला काहीच कळत नाही.

‘एक्सपोर्ट क्वालिटी’वर आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वाद होतो. मी विचारतो, कुठल्या देशात? अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला परत दार उघडलं ते विकिरण करूनच, त्यासाठी लासलगावचं केंद्र वापरात आलं. युरोप, जपान यांच्या प्रक्रिया वेगळ्या. तुमची पेटी बागेतून थेट कोथरूडला चालली आहे, तिच्यावर यातलं काहीच झालेलं नाही. मग यातून खरं काय सांगायचंय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘म्हणजे फळ मोठं आहे आणि डाग नाहीत.’ मग तेच लिहायचं. मोठं म्हणजे किती ते तिसऱ्या तपासणीत येईल.

या पहिल्या तपासणीत साधारण नव्वद टक्के मजकूर उडतो. घाबरायचं कारण नाही.

दुसरी तपासणी: मागच्या हंगामाचे मेसेज वाचा

रिकाम्या जागी काय भरायचं, हे तुमच्या फोनमध्ये आधीच लिहिलेलं आहे. एप्रिल-मे महिन्यातले गिऱ्हाइकांचे प्रश्न उघडा आणि एका वहीत रेघा मारत मोजा. मी पावसजवळच्या एका बागायतदाराबरोबर बसून हे केलं होतं. सगळ्यात जास्त रेघा तीन प्रश्नांना पडल्या: कुठल्या गावचा, खायला कधी तयार होईल, आणि खराब निघाला तर काय. ‘क्वालिटी कशी आहे?’ असं एकानेही विचारलं नव्हतं. जाहिरातीत मात्र फक्त क्वालिटीच होती.

ही तपासणी वगळून पुढे जाऊ नका. नाहीतर माणूस स्वतःला अभिमान असलेल्या गोष्टीच लिहितो. ‘आजोबांनी लावलेली कलमं’ हे खरं असेलही, पण पुण्यात बसलेल्या माणसाला ते पडताळता येत नाही आणि त्याने ते विचारलेलंही नाही.

तिसरी तपासणी: काट्यावर ठेवा

इथे पहिला खर्च येतो, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याचा.

‘पेटी’ आणि ‘डझन’ हे शब्द आपल्याला कळतात, गिऱ्हाइकाला नाही. आपल्याकडे चार डझनी पेटी म्हणजे मोठं फळ आणि आठ डझनी म्हणजे बारीक, हे शेंबडं पोरही सांगेल. बाहेरच्या माणसाला आठ डझनी पेटी चारपेक्षा भारी वाटते. शिवाय ए वन, ए टू, जंबो ही नावं प्रत्येकाची आपापली. एकाचा ए वन दुसऱ्याचा ए टू असतो.

पावसच्या त्या बागायतदाराने डझनाचं खोकं भरायला घेतलं तेव्हा आम्ही बाराही फळं एकेक करून काट्यावर ठेवली. २४८, २६१, २३५, २७२, २५५, २४०, २६८, २५१, २४४, २७९, २५८, २३९. बेरीज ३०५० ग्रॅम. त्याच्या मते हा ‘अडीचशेचा माल’ होता आणि सरासरी २५४ निघाली, म्हणजे अंदाज पक्का. पण बारातली पाच फळं अडीचशेच्या खाली होती. ‘प्रत्येक फळ २५० ग्रॅम’ असं छापलं असतं तर काटा घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकापुढे तो खोटा पडला असता. म्हणून लिहिलं, ‘एक फळ २३० ते २८० ग्रॅम, डझनाचं वजन किमान ३ किलो’.

यात एक खाच आहे, ती मला पहिल्या वर्षी माहीत नव्हती. आंबा अढीत पिकताना पाणी सोडतो आणि हलका होतो. तीच बारा फळं नवव्या दिवशी पुन्हा ठेवली तर २८२० ग्रॅम भरली. गिऱ्हाईक पिकलेली फळं मोजणार आणि फसवलं म्हणणार. तेव्हा ‘खोकं भरतानाचं वजन, पिकताना थोडं कमी होतं’ हे शब्द आकड्याच्या शेजारीच हवेत. खाली तारा मारून बारीक अक्षरात नकोत.

वजन लिहिलं की भावाची भाषाही बदलते. समजा तुमचं डझन ९०० रुपयांना आहे आणि दुसऱ्या कोणाचं ८००ला. वजन नसेल तर तुम्ही महाग. पण त्याचं डझन २ किलो ४०० ग्रॅम भरत असेल तर त्याचा किलोचा दर ३३३ रुपये आणि तुमचा ३००. हा हिशेब गिऱ्हाईक स्वतः करतं, तुम्हाला ‘बेस्ट रेट’ लिहावं लागत नाही.

चौथी तपासणी: ‘नैसर्गिक’च्या जागी तारखा

‘कार्बाइड फ्री’ हे मी आता छापायचं टाळतो. फळ पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांनीच बंदी आहे. आपण कायदा मोडत नाही, एवढंच त्यातून कळतं. त्यात वाचणाऱ्याच्या मनात कार्बाइड हा शब्द तेवढा राहतो. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हे जास्त बरं, पण तेही बघता येत नाही.

बघता येतो तो दिवसांचा हिशेब. झाडावर चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट काढलं आणि पेंढ्याच्या अढीत घातलं, तर हवामानाप्रमाणे साधारण आठ ते दहा दिवसांत खाण्याजोगं होतं. तेव्हा खोक्यावर लिहायचं: तोडणी १२ एप्रिल, खायला तयार अंदाजे २० ते २२ एप्रिल. १५ तारखेला खोकं पोचलं आणि आतलं फळ कडक, हिरवट असेल, तर गिऱ्हाइकाला तुमचं म्हणणं हातात घेऊन पटतं. ‘कच्चं पाठवलं’ हा फोन येत नाही, कारण कच्चं असणं हाच पुरावा झालेला असतो. उलट तोडणीनंतर तिसऱ्याच दिवशी सगळं खोकं एकसारखं पिवळंधमक निघालं, तर त्याला शंका येईल, आणि ती यायलाच हवी.

‘चौदा आणे’ हा शब्द मुंबई-पुण्याच्या नव्या पिढीला कळेलच असं नाही. तो काढू नका, त्याला जोडून एक वाक्य द्या: देठाजवळचे खांदे वर आलेले आणि देठाभोवती खळगा पडलेला दिसेल. ही खूण फोटोतही दिसते. माझं ऐकाल तर फुलांच्या ताटात मांडलेल्या आंब्यापेक्षा देठाच्या बाजूने काढलेला एक फोटो टाका.

कोणी माल रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देऊन पिकवत असेल, तर तेही सरळ लिहावं. ठरवून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे १०० पीपीएमपर्यंत, इथिलीन वायूला परवानगी आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र त्याच खोक्यावर ‘अढीतला’ लिहायचं नाही. एक बागायतदार या मुद्द्यावर माझ्याशी अर्धा तास भांडला, मग म्हणाला, ‘बरं, दोन लेबलं कर.’ तेच योग्य होतं.

पाचवी तपासणी: ‘अस्सल’च्या जागी गाव

‘अस्सल कोकणी’ म्हणायचं आणि गाव सांगायचं नाही, हे मला कधी समजलेलं नाही. गाव आणि तालुका लिहा. बाग रत्नागिरी तालुक्यात असेल तर ‘देवगड’ छापू नका, देवगडला भाव चांगला असला तरी. आणि शेजारच्याचा माल घेऊन खोकी पुरी करत असाल तर ‘आमच्या बागेतला’ न लिहिता ‘पावस परिसरातल्या बागांतला’ लिहा. ही उसनवारी हंगामात सगळेच करतात, सांगत मात्र कोणी नाही.

यापुढची पायरी भौगोलिक मानांकनाची. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. इथे चूक हमखास होते: बाग या पट्ट्यात आहे म्हणून लोक ‘जीआय हापूस’ छापून मोकळे होतात. ते मानांकन वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी लागते. नोंदणी असेल तर ‘जीआय प्रमाणित’ एवढंच न लिहिता नोंदणी क्रमांक छापा, कारण क्रमांकावरून नाव शोधता येतं. नोंदणी नसेल तर गाव लिहून थांबा आणि पुढच्या हंगामाआधी अर्ज करा. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने तर २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळा कोड असलेलं स्टिकर आणलं. तिथला माल विकत असाल तर तो कोड कसा तपासायचा हे खोक्यावर लिहिणं ‘अस्सल’ शंभर वेळा छापण्यापेक्षा उपयोगी आहे.

सहावी तपासणी: साका

आता अवघड भाग. ‘साका निघणार नाही, १०० टक्के हमी’ असं मॅटर आलं की मी ते टाइप करायच्या आधी थांबतो. साका बाहेरून दिसत नाही. साल छान, वास छान, आणि कापल्यावर आत कोयीजवळ पांढुरकी, स्पंजासारखी, आंबूस जागा. उन्हाची तलखी आणि फळ किती पक्व असताना काढलं, याच्याशी त्याचा संबंध आहे. पण फळ हातात घेऊन यात साका आहे की नाही हे बागेत कोणी खात्रीने सांगत नाही. तेव्हा ही हमी म्हणजे तुम्हाला स्वतःलाच पडताळता न येणारा दावा झाला.

याच्या जागी काय करणार ते लिहा, अटींसकट: ‘साका बाहेरून ओळखता येत नाही. कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’ बागायतदारांना हे जिवावर येतं. ‘सगळेच फोटो पाठवतील,’ म्हणतात. म्हणून छापायच्या आधी मागच्या वर्षीच्या तक्रारी मोजायला लावतो. पावसवाल्याच्या वहीत ११० डझनांत, म्हणजे १३२० फळांत, २३ फळांची तक्रार होती. पंचवीस फळं गेली असती तरी दोन डझनांच्या आसपासचा खर्च. तो परवडत नसेल तर हे वाक्य छापू नका. पाळता न येणारी अट ‘प्रीमियम’पेक्षा वाईट.

दुरुस्तीनंतर

पावसवाल्याचं जुनं मॅटर सुरुवातीला दिलंय तेच होतं. नवं असं झालं:

‘पावस, ता. रत्नागिरी. हापूस, १ डझन. एक फळ २३० ते २८० ग्रॅम, डझन किमान ३ किलो (खोकं भरतानाचं वजन, पिकताना थोडं कमी होतं). देठासकट तोडलेला, पेंढ्यात पॅक. तोडणी: ____ खायला तयार: ____ ते ____. पोचेल तेव्हा कडक असेल. खोकं उघडून फळं पेंढ्यातच ठेवा, फ्रिजमध्ये नको. साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी, तेवढ्या फळांचे पैसे परत.’

यात बढाईचं एकही विशेषण नाही, आणि शब्द जुन्यापेक्षा जास्त आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेजची सुरुवातच तेवढी दिसते, म्हणून गाव, वजन आणि तयार होण्याची तारीख या तीन गोष्टी अगदी वर घेतल्या. ‘रेट काय?’ येणं बंद झालं नाही, ते कधीच होणार नाही. पण पुढचा प्रश्न बदलला. ‘२० तारखेचा शनिवारपर्यंत टिकेल का, घरी मुंज आहे,’ असे मेसेज यायला लागले.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

वरचं सगळं तुम्ही आणि तुमचा डीटीपीवाला मिळून करू शकता. पुढच्या चार बाबतीत आपण दोघांनीही हात लावू नये.

‘सेंद्रिय’ किंवा ‘ऑरगॅनिक’ लिहायचं असेल तर. त्याला २०१७ पासून अन्नसुरक्षेचे स्वतंत्र नियम आहेत आणि प्रमाणपत्र लागतं. थेट विक्री करणाऱ्या लहान शेतकऱ्याला काही सवलत आहे, पण ती तुम्हाला लागू होते का हे प्रमाणन संस्थेकडून किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडून लिहून घ्या. शेणखत घालतो, एवढ्याने माल सेंद्रिय होत नाही.

‘विषमुक्त’, ‘केमिकल फ्री’, ‘अवशेषमुक्त’ लिहायचं असेल तर. हे डोळ्यांनी कळत नाही. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो, आणि अहवाल फक्त त्या नमुन्याबद्दल बोलतो. मार्चच्या पहिल्या तोडणीचा अहवाल मे महिन्याच्या मालाला चिकटवू नका. छापायचाच तर अहवाल क्रमांक, नमुन्याची तारीख आणि कशाची तपासणी केली ते छापा.

‘मधुमेहींना चालतो’, ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ असलं काहीही. हे मी पैसे मिळत असले तरी छापत नाही. फसव्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो आंब्याच्या एका हंगामात फिटायचा नाही.

चौथी बाब, तुम्ही ताज्या फळावरून आमरस, पल्प, वडीकडे वळलात तर. मग परवाना, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख यांचे लेबलचे नियम लागू होतात. अन्नसुरक्षेचं काम करणाऱ्या सल्लागाराकडून एकदा मजकूर तपासून घ्या, मग माझ्याकडे या. नोटीस आली असेल तर वकिलाकडे, माझ्याकडे नको.

शेवटी छपाईपुरतं एक. ते नवं लेबल करताना उत्साहाच्या भरात मी ‘तोडणी १२ एप्रिल’ हेसुद्धा छापून टाकलं, आणि एक हजार स्टिकर कापून तयार झाल्यावर दुसऱ्या तोडणीच्या वेळी लक्षात आलं. तारखेची जागा कोरी सोडा आणि स्टिकर साध्या मॅट कागदावर घ्या. चकचकीत कागदावर मार्करची शाई पेंढ्याला घासून पुसली जाते.